किराणा दुकानाचा रोजमेळ आणि क्यूआर : इचलकरंजीतील एका कामाच्या नोंदी

२९ जुलै २०२५

इचलकरंजीत यंत्रमागांच्या वस्तीतल्या एका किराणा दुकानाचे काम आज ठरले. दुकान काका आणि काकू दोघेच चालवतात आणि मुलगा पुण्याला नोकरीला असतो. गिऱ्हाईक बहुतेक माग कामगारांचे. पगार आठवड्याने होत असल्यामुळे उधारीही आठवड्याची असते. दुकानात सध्या दोनच कागद आहेत. एक उधारीची वही आणि दुसरी घाऊक व्यापाऱ्यांची बिले खोचून ठेवलेली तारेची आकडी. विक्रीची नोंद कुठेच नाही. गल्ल्यासमोर क्यूआरचा स्टिकर आहे, पण तो मुलाने दोन-तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या बचत खात्यावर काढून दिलेला आहे.

काकांनी मला बोलावले ते हिशेबासाठी नव्हे, क्यूआर काढून टाकावा का हे विचारण्यासाठी. त्यांच्या बहिणीचे घर निपाणीला आहे. कर्नाटकात या महिन्यात वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या आणि बेंगळुरूत काही दुकानदारांनी क्यूआर उतरवून रोखीचा आग्रह धरला, ही बातमी बहिणीकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती. "ताई, आपल्याकडं बी तसंच होणार असंल तर आधीच काढलेला बरा," असे ते म्हणाले.

मी त्यांना सांगितले की जीएसटीची नोंदणी लागते की नाही हे क्यूआरवर ठरत नाही, एकूण उलाढालीवर ठरते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला एका आर्थिक वर्षात ४० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही. त्या उलाढालीत रोख विक्रीही येते, उधारीची विक्रीही येते आणि सुटा तांदूळ, सुटी डाळ, दूध अशा ज्या मालावर कर नाही तोही येतो. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण साबण-बिस्किटे ठेवणाऱ्या किराणा दुकानाला सगळे धरावे लागते. म्हणजे क्यूआर काढल्याने उलाढाल कमी होत नाही; कमी होतो तो पुरावा, आणि उद्या कोणी विचारलेच तर बँकेत आलेले कोणते पैसे विक्रीचे आणि कोणते घरचे हे सांगण्याची सोयही जाते.

यावर मी विचारले, "काका, दिवसाची विक्री किती होते?" त्यांनी गल्ल्याकडे आणि मोबाईलकडे हात दाखवून "तेरा-चौदा हजार" असे उत्तर दिले. तसे असेल तर वर्षाचे अठ्ठेचाळीस लाख होतात आणि नोंदणी आधीच लागू झालेली असायला हवी. पण गल्ल्यातली रक्कम आणि मोबाईलवर जमा झालेली रक्कम यांची बेरीज म्हणजे विक्री नव्हे. विक्री नेमकी किती, हाच या कामाचा प्रश्न ठरला. मांडणी होईपर्यंत मी रोज संध्याकाळी जाईन, नंतर आठवड्यातून एकदा. विवरणपत्र भरण्याचे काम माझे नाही, ते लागले तर कर सल्लागाराकडे जावे लागेल, हेही आजच सांगून ठेवले.

१ ऑगस्ट

दुकान उघडण्याआधी पहाटे साडेपाचपासून मालाची मोजणी केली. प्रत्येक वस्तू खरेदीच्या भावाने धरली. छापील किंमत धरली असती तर न झालेला नफा साठ्यातच मोजला गेला असता. पोत्यातला सुटा माल वजनकाट्यावर घेतला आणि फोडलेल्या डब्यातले तेल डबा तोलून काढले. साठा १,४२,००० रुपयांचा भरला. उधारीच्या वहीतल्या सगळ्या खात्यांची बेरीज ३८,४०० आली. त्यातली तीन खाती गाव सोडून गेलेल्या कामगारांची आहेत, ती बेरजेत ठेवली पण त्यांवर पेन्सिलीने खूण केली. गल्ल्यात रोज सकाळी ३,००० रुपयांची मोड ठेवायची आणि त्याहून जास्त असेल ते आदल्या रात्रीच काढून ठेवायचे असे ठरवले.

४ ऑगस्ट

आज बँक आणि क्यूआरचे काम झाले. मुलाच्या बचत खात्यावर दुकानाचे पैसे जाणे तीन कारणांनी चुकीचे आहे. पैसे मुलाच्या पॅनवर दिसतात, काकांना आपली रक्कम पाहायला मुलाला फोन करावा लागतो आणि मुलाचा पगारही त्याच खात्यात येत असल्याने काहीही वेगळे काढता येत नाही. काकांच्या नावावर चालू खाते काढायचे ठरले. त्यासाठी बँकेने धंद्याचा पुरावा मागितला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. ती पावती काकांकडे होती. उद्यम नोंदणी नव्हती. ती udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन देऊन विनामूल्य होते. शोधताना फी मागणारी, सरकारी वाटावीत अशी खासगी पाने आधी समोर येतात, म्हणून पत्ता मी स्वतः टाइप केला आणि काकांच्या वहीतही लिहून ठेवला.

किमान शिल्लक ५,००० ठेवावी लागेल हे ऐकून काका जरा थबकले. घाऊक व्यापाऱ्याला द्यायचे पैसे तसेही आठवडाभर गल्ल्याखालच्या खणात पडून असतात, तेच खात्यात राहतील, असा हिशेब मांडल्यावर ते तयार झाले.

खाते चालू झाल्यावर त्यावर व्यापारी क्यूआर आणि साउंडबॉक्स घेतला. क्यूआर भिंतीवर लावण्यापूर्वी माझ्या मोबाईलवरून एक रुपया पाठवून पाहिला. स्क्रीनवर दुकानाचे नाव बरोबर दिसते का, डबा बोलतो का आणि ॲपच्या यादीत तो रुपया येतो का, या तिन्ही गोष्टी पाहिल्या. जुना स्टिकर खरवडून काढला.

काकूंना दोन गोष्टी नीट समजावल्या, कारण दुपारी एक ते चार दुकानात त्या एकट्याच असतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. कोणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हटले की तो फसवतो आहे असे समजावे, आणि तसे काही होऊन गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. दुसरे म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचे हिरवे चित्र म्हणजे पैसे आले असे नव्हे, कारण तसे खोटे चित्र दाखवणारी ॲप आहेत. डबा बोलला नाही तर आपल्या ॲपच्या यादीत पाहायचे, आणि तिथे रक्कम नसेल तर माल बाजूला ठेवायचा.

७ ऑगस्ट

रोजमेळाचे पान आखले. पहिले आखून दाखवले तेव्हा काका म्हणाले, "ताई, एवढं लिहीत बसलो तर गिऱ्हाईक कोण बघायचं?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. पाच रुपयांची कोथिंबीर आणि दोन रुपयांची गोळी लिहून घेणे या दुकानात शक्य नाही. म्हणून प्रत्येक विक्री लिहायची नाही असे ठरवले. दिवसभरात फक्त तीन प्रकारच्या गोष्टी त्या त्या क्षणी लिहायच्या : गल्ल्यातून बाहेर गेलेले पैसे, जुन्या उधारीपोटी आलेले पैसे आणि नवी दिलेली उधारी. घरी नेलेला मालही त्याच पानावर खाली लिहायचा. रोख विक्री रात्री गल्ला मोजून उलट्या बाजूने काढायची.

यूपीआयसाठी एक छोटी सवय लावली. जुन्या उधारीचे पैसे क्यूआरवर आले की उधारीच्या वहीत त्या गिऱ्हाइकाच्या पानावर रकमेभोवती गोल करायचा. रात्री गोल केलेल्या रकमा तेवढ्या वेचून रोजमेळात घ्यायच्या. हे त्याच दिवशी झाले नाही तर नंतर ॲपच्या यादीत नुसते नाव आणि ८५० रुपये दिसतात. ते तेलाच्या डब्याचे होते की मागच्या आठवड्याच्या उधारीचे, हे महिन्याने कोणालाच आठवत नाही.

११ ऑगस्ट

आजचे पान पहिल्यांदा पूर्ण भरले, म्हणून ते इथे तपशिलाने उतरवून ठेवते.

सकाळी गल्ल्यात ३,००० होते. रात्री मोजल्यावर ७,६४० निघाले. दिवसात गल्ल्यातून दूधवाल्याला १,१५०, पाववाल्याला ६८०, हमालीला ६०, घरच्या भाजीला ३०० आणि काकूंच्या औषधाला २००, असे २,३९० बाहेर गेले. जुन्या उधारीचे रोख ९०० आले. म्हणजे गल्ल्यात खरे तर ७,६४० अधिक २,३९० असे १०,०३० रुपये फिरले. त्यातून सकाळचे ३,००० आणि उधारीचे ९०० वजा केले की रोख विक्री ६,१३० राहते. काकांच्या मोबाईलवरच्या तक्त्यात हेच सूत्र घालून दिले :

```
=B6+B5-B2-B3
```

यात B2 म्हणजे सकाळची शिल्लक, B3 उधारीची रोख वसुली, B5 बाहेर गेलेले पैसे आणि B6 रात्रीची मोजणी.

यूपीआयची एकूण जमा ५,८७० होती. तीत ८५० आणि ६०० अशा दोन रकमा जुन्या उधारीच्या, आणि १,००० रुपये काकूंच्या भिशीतल्या एका बाईंनी दुकानाच्या क्यूआरवर पाठवलेले. ते २,४५० वजा जाता क्यूआरवरची विक्री ३,४२० झाली. नवी उधारी १,२८० दिली गेली. माल गेला त्या दिवशीच ती विक्री होते, पैसे कधी येवोत. तिन्हींची बेरीज १०,८३०.

काकांच्या पद्धतीने गल्ला आणि मोबाईल यांची बेरीज १३,५१० आली असती. एका दिवसात २,६८० रुपयांचा फरक पडला, आणि त्यात सकाळची मोड, जुनी उधारी व भिशी एका बाजूला जास्त धरली गेली होती, तर दूध-पावाचा खर्च आणि नवी उधारी दुसऱ्या बाजूला सुटली होती. वर्षाच्या हिशेबाने पाहिले तर १३,५१० चा दर ४० लाखांच्या पुष्कळ वर जातो आणि १०,८३० चा दर एकोणचाळीस लाखांच्या आसपास राहतो. एका दिवसावरून काही ठरत नाही, पण प्रश्न कुठे आहे ते काकांना आज आकड्यात दिसले.

भिशीचे पैसे काकूंच्या स्वतःच्या बँक खात्यावर घ्यायचे ठरले. त्यासाठी त्यांचा मोबाईल क्रमांक त्यांच्या खात्याला जोडलेला आहे याची खात्री केली.

१६ ऑगस्ट

ज्या दुकानात बिले फाडली जात नाहीत तिथे रोजमेळ नेहमी जुळतोच. रोख विक्री आपण उलट्या बाजूने काढतो, त्यामुळे कोणी दोनशे रुपये काढून घेतले आणि लिहिले नाहीत, तर मेळ मोडत नाही. विक्री दोनशेने कमी दिसते आणि पान स्वच्छ दिसते. म्हणून पान जुळले यात समाधान मानता येत नाही. त्याची परीक्षा बाहेरून, म्हणजे मालावरून घ्यावी लागते.

त्यासाठी आज पहाटे पुन्हा मालाची मोजणी केली. १ तारखेचा साठा १,४२,०००, पंधरा दिवसांची खरेदी १,३८,६०० आणि आजचा साठा १,४०,२००. म्हणजे १,४०,४०० रुपयांचा माल दुकानातून गेला. रोजमेळाप्रमाणे विक्री १,४७,९०० आहे. नफा ७,५०० राहतो, विक्रीच्या जेमतेम पाच टक्के. पण चाळीस वस्तूंचे खरेदीचे आणि विक्रीचे भाव मी आधीच लिहून घेतले होते. तेल आणि साखरेवर मार्जिन फार कमी आहे, मसाल्यांवर आणि सुट्या डाळीवर जास्त, आणि या दुकानात जे ज्या प्रमाणात खपते त्यानुसार सरासरी अकरा टक्क्यांच्या आसपास यायला हवी. अकरा टक्के धरले तर विक्री दीड लाखाच्या वर, १,५७,७५० च्या जवळ असायला हवी होती. साडेनऊ-दहा हजारांचा माल कुठेतरी नोंदीबाहेर गेला आहे.

१८ ऑगस्ट

दहा हजारांचा शोध घेण्यात आजचा दिवस गेला.

अशी तूट येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात : माल घरी गेला आणि लिहिला नाही, उधारी दिली आणि लिहिली नाही, गल्ल्यातून पैसे गेले आणि लिहिले नाहीत, मोजणी चुकली, किंवा पैसे आले पण दुसरीकडे गेले. उधारीची वही काकूंबरोबर खाते-खाते तपासली, त्यात काही सापडले नाही. घरी नेलेल्या मालाची ओळ काका भरत होते पण काकू भरत नव्हत्या; स्वयंपाकघरात जाऊन पाहिले आणि दोघींनी मिळून पंधरा दिवसांची यादी केली, ती खरेदीच्या भावाने १,९०० रुपयांची झाली. एवढ्याने दहा हजार भरत नाहीत.

मग मी दुपारी गल्ल्याजवळ नुसती बसून राहिले. एक नेहमीचा कामगार आला, दोनशे चाळीस रुपयांचे सामान घेतले, मोबाईल काढला, क्यूआरकडे न पाहताच बोटाने काहीतरी दाबले आणि "केले काकू" म्हणून निघाला. डबा बोलला नाही. काकूंनी ओळखीचा माणूस म्हणून जाऊ दिले. त्याला परत बोलावून मोबाईल पाहिला, तर त्याने स्कॅन केलेच नव्हते. ॲप उघडल्यावर पूर्वी ज्यांना पैसे दिले त्यांची नावे वर दिसतात. त्यातले 'दुकान' म्हणून ठेवलेले नाव त्याने दाबले होते आणि ते नाव मुलाच्या जुन्या खात्याचे होते.

मुलाला फोन करून १ ते १५ ऑगस्टचा त्याचा खातेउतारा मागवला. वस्तीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांकडून त्यात ६,९४० रुपये आलेले होते. स्टिकर भिंतीवरून निघाला, पण तो गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये शिल्लक होता. क्यूआर बदललेल्या दुकानात हे घडणारच, आणि सर्वांत जुनी, सर्वांत भरवशाची गिऱ्हाइकेच ते करतात, म्हणून संशयही येत नाही.

आता विक्री १,५४,८४० झाली आणि विकलेल्या मालाची किंमत घरचा माल वजा जाता १,३८,५००. नफा १६,३४०, म्हणजे साडेदहा टक्के. उरलेला अर्धा टक्का सुट्या मालाच्या तोलात आणि मोजणीत जातो. त्यामागे लागण्यात अर्थ नाही.

उपाय दोन केले. मुलाने त्याच्या ॲपमधली जुनी यूपीआय ओळख बंद केली, त्यामुळे त्या नावावर पैसे जाणार नाहीत. मोबाईल क्रमांकावरून मात्र ते अजून जाऊ शकतात, म्हणून "नवा क्यूआर, स्कॅन करूनच पैसे द्या" अशी पाटी लावली. त्याला आलेले ६,९४० त्याने दुकानाच्या खात्यात एकरकमी पाठवले. ही रक्कम आज जमा दिसेल, पण ती आजची विक्री नाही, म्हणून रोजमेळात 'मुलाच्या हस्ते' अशी वेगळी ओळ लिहून पंधरवड्याच्या विक्रीत ती आधीच धरल्याची खूण केली.

२५ ऑगस्ट

गणपती दोन दिवसांवर आहेत, दुकानात उभे राहायला जागा नाही. आज एका गिऱ्हाइकाचे ५२० रुपये खात्यातून गेले पण आपल्याकडे आले नाहीत. त्याच्या ॲपमधला बारा आकडी संदर्भ क्रमांक वहीत लिहून घेतला. दुकानदाराकडे खात्री न पोचलेला असा व्यवहार पाच दिवसांत आपोआप परत फिरला पाहिजे आणि उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हे समजावल्यावर गिऱ्हाईक शांत झाले आणि त्याने रोखीने पैसे दिले.

१ सप्टेंबर

महिनाअखेरची जुळवणी. आधी बँक. ॲपमधली ऑगस्टची एकूण जमा आणि बँकेच्या उताऱ्यातली जमा यांत दोन कारणांनी फरक आला. ३१ तारखेच्या रात्रीचे व्यवहार बँकेत आज आले, आणि साउंडबॉक्सचे भाडे १०० अधिक १८ टक्के जीएसटी असे ११८ रुपये जमेतूनच परस्पर वजा झाले. भाडे खर्चात लिहिले. विक्रीसाठी नेहमी ॲपची व्यवहारांची यादी धरायची, बँकेची तारीख नाही, हे काकांना या निमित्ताने पटले.

मग उधारी. सुरुवातीचे येणे ३८,४००, महिन्यात दिलेली ४१,७००, वसूल झालेली ३९,२५०. म्हणून येणे ४०,८५० असायला हवे. वहीतल्या खात्यांची बेरीज मात्र ४०,१३० आली. ७२० रुपये खात्यावर वसूल म्हणून उतरले होते, पण रोजमेळात नव्हते. काकूंनी दुपारी रोख घेऊन गिऱ्हाइकाच्या पानावर लिहिले आणि पैसे गल्ल्यात टाकले, एवढेच झाले होते. पण त्यामुळे त्या दिवसाची रोख विक्री ७२० ने जास्त दिसत होती. ती दुरुस्त केल्यावर ऑगस्टची विक्री ३,२१,५०० झाली. गणपतीमुळे दुसरा पंधरवडा मोठा होता.

९ सप्टेंबर

एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचा प्रश्न आज हाती घेतला. ४० लाखांची मर्यादा १ एप्रिलपासून मोजायची असते आणि एप्रिल ते जुलै विक्रीची नोंद नाही. तेव्हा तारेच्या आकडीवरची बिले महिन्याप्रमाणे लावली. जिथे बिल नव्हते तिथे घाऊक व्यापाऱ्याकडून खातेउतारा आणला, आणि दूध-पावाचे आकडे त्या दोघांच्या स्वतःच्या डायऱ्यांतून घेतले. खरेदी १०,७०,००० झाली. विक्रीवर अकरा टक्के नफा म्हणजे शंभरातले एकोणनव्वद खरेदीचे. १०,७०,००० ला ०.८९ ने भागले की १२ लाखांच्या किंचित वर विक्री येते. साठा त्या काळात फारसा वाढला-घटला नाही असे काका सांगतात आणि दुकानाची जागा पाहता ते पटण्यासारखे आहे. हा अंदाज आहे हे पानाच्या माथ्यावर स्पष्ट लिहिले, आणि बिले त्याच क्रमाने फाईलला लावली, म्हणजे कोणी विचारले तर आकडा कुठून आला ते दाखवता येईल.

२४ सप्टेंबर

परवा २२ तारखेपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. काका नोंदणीकृत नसल्यामुळे खरेदीत भरलेला कर त्यांना परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीतच असतो. जुन्या दराने घेतलेला माल नव्या कमी किमतीने विकला तर या पंधरवड्याचे मार्जिन उतरेल आणि मागच्यासारखी गळती झाली असे वाटेल. म्हणून जुन्या साठ्यातल्या या वस्तू वेगळ्या मोजून ठेवल्या. दोन एजन्सींनी फरक पुढच्या बिलात वळता करून देण्याचे मान्य केले आहे.

३ ऑक्टोबर

सप्टेंबरची विक्री ३,०६,४०० झाली. आता हिशेब असा : एप्रिल ते जुलै अंदाजे १२ लाख, त्यात ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळवले की सहा महिन्यांचे सुमारे १८ लाख ३० हजार. पुढचे सहा महिने ३ लाख १० हजारांच्या दराने गेले तर वर्षअखेर ३७ लाखांच्या जवळ येते. नोंदणी आज लागत नाही, पण अंतर फार नाही. दिवाळीचा जोर आणि नव्याने ठेवलेला स्टेशनरीचा माल यांनी ते भरून निघू शकते. म्हणून रोजमेळाच्या प्रत्येक पानावर '१ एप्रिलपासून विक्री' अशी चढती बेरीज लिहायला सुरुवात केली. जानेवारीअखेर ती ३३ लाखांच्या पुढे दिसली तर कर सल्लागाराकडे जायचे. मर्यादा ओलांडल्यापासून नोंदणीच्या अर्जाला तीस दिवस असतात, आणि छोट्या व्यापाऱ्याला करपात्र मालाच्या उलाढालीवर एक टक्का भरण्याची कंपोझिशन योजनाही असते. तीत गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवरचा करही वजा मिळत नाही. ती घ्यावी की नाही ते तेव्हा ठरवता येईल.

काकांनी आयकराचेही विचारले. छोट्या व्यापाऱ्याला कलम ४४एडी खाली रोख विक्रीवर किमान आठ टक्के आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. उधारीच्या वसुलीभोवती केलेले गोल इथे पुन्हा उपयोगी पडतात. क्यूआरवर आलेली उधारी विक्री म्हणून दुसऱ्यांदा धरायची नसते, पण त्या विक्रीचे पैसे डिजिटल आले हे मोजताना ती धरायची असते. दोन्ही आकडे आता वहीतून मिळतात.

१८ ऑक्टोबर

काकांना नवी वही नेहमीप्रमाणे पाडव्यापासूनच सुरू करायची आहे. लक्ष्मीपूजनाला २१ तारखेला वहीची पूजा होईल आणि २२ ला पहिले पान लिहिले जाईल. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते म्हणून मी त्यांना अडवले नाही. वही कधीही बदलता येते, पुढे ओढायचे आकडे सुटता कामा नयेत. पहिल्या पानावर काय लिहायचे ते आज आखून दिले : २१ च्या रात्रीची गल्ल्याची मोजणी, बँकेची शिल्लक, उधारीचे एकूण येणे आणि त्यामागची खातेवार यादी, घाऊक व्यापाऱ्यांचे देणे, मालाचा साठा आणि १ एप्रिलपासूनची चढती बेरीज. गाव सोडून गेलेल्या तीन कामगारांची खाती मागच्या बाजूला स्वतंत्र पानावर जातील. साठ्याची मोजणी २२ ला पहाटे करायची ठरली आहे. या वेळी वजनकाट्यावर काकू बसतील आणि मी फक्त लिहून घेईन, कारण नोव्हेंबरपासून ही मोजणी त्यांनाच करायची आहे.